एकोणसत्तराव्या वर्षी क्रिएटिन: सात महिन्यांनंतर

नोव्हेंबरात ठाण्यात 'तीन पेट्रोल पंप' नावाच्या ठिकाणाजवळ बसमधून उतरताना माझा उजवा पाय असा काही लटपटला, की मागच्या मुलीने दंड धरला म्हणून वाचले. लागलं काहीच नाही, पण घरी येऊन तीन मजले चढताना (आमच्या नौपाड्यातल्या इमारतीला लिफ्ट नाही) प्रत्येक पायरीला कठडा ओढत होते हे पहिल्यांदा जाणवलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोनच गोष्टी करून घेतल्या. हात छातीवर घडी घालून साध्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजलं. मग एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, एका रेषेत उभं केलं. खुर्चीचे झाले ८. रेषेत ६ सेकंद टिकले, मग भिंत धरली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या बाईला खुर्चीचे ११ पेक्षा कमी म्हणजे पडण्याचा धोका, आणि रेषेत १० सेकंद उभं राहता यायला हवं.

व्यायाम त्यांनी दिला. क्रिएटिनचं नाव काढलं भाच्याने. जिमवाल्या पोरांची पावडर म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "घ्या की, तुम्ही शाकाहारी, तुम्हाला उलट जास्त उपयोग होईल." क्रिएटिन आपलं शरीर थोडं स्वतः बनवतं, बाकीचं मासे-मटणातून येतं. जन्मभर वरणभात खाणाऱ्याच्या स्नायूंत त्याचा साठा कमीच असतो. उठताना, पायरी चढताना जो एकदम जोर लागतो, त्याला पहिल्या काही सेकंदांचं इंधन या साठ्यातून मिळतं. त्यांनी एक अट घातली: सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या. ती अट किती मोलाची होती ते पुढे कळलं.

डिसेंबरात साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट आणलं, बिनवासाचं, बिनरंगाचं. चव काही नाही, पण गार पाण्यात विरघळत नाही आणि तळाशी बारीक रेती राहते. कोमट पाण्यात चांगलं मिसळतं. भाच्याने सांगितलं म्हणून पहिल्या आठवड्यात रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे घेतले आणि दोन दिवस संडासच्या फेऱ्या झाल्या. पोरं पहिले पाच-सात दिवस २० ग्रॅमपर्यंत घेतात, साठा लवकर भरावा म्हणून. आपल्याला कसली घाई? रोज ३ ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत साठा भरतोच. तेव्हापासून दुपारच्या जेवणानंतर ३ ग्रॅम, काट्यावर मोजून. डब्यातला चमचा शिगोशीग भरला तर पावणेपाच ग्रॅम होतात हे काट्यानेच दाखवलं. वजन पहिल्या तीन आठवड्यांत किलोभर वाढलं. ते पाणी असतं, स्नायूंच्या आत धरलेलं. पावलं सुजली असती, बोट दाबून खळगा पडला असता, तर मात्र मी थांबून डॉक्टरांकडे गेले असते.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. खुर्चीवरून आठ-आठ उठबशांचे तीन हप्ते, चवड्यांवर उंच होणं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकेका पायाने चढ-उतर. आठ सहज व्हायला लागले की पाण्याच्या दोन बाटल्या घातलेली पिशवी छातीशी धरून. हे भार वाढवत नेणं सोडलं तर पावडरीचा काही उपयोग नाही, कारण ती स्वतःहून ताकद देत नाही, तुम्हाला एखाद-दोन उठबशा जास्त मारू देते. स्नायू घडतो तो त्या जास्तीच्या कष्टाने. मी वही ठेवली आहे: जानेवारीअखेर ९, मार्चअखेर ११, आता जूनमध्ये १३. मे महिन्यात गुहागरला पंधरा दिवस लग्नघरात होते. पावडर नेमाने घेतली, व्यायाम एकही दिवस नाही. परत आल्यावर १२ चे १० झाले होते.

यातलं किती पावडरीचं आणि किती खुर्चीचं, ते मी एकटी सांगू शकत नाही. म्हाताऱ्या माणसांवरच्या अभ्यासांचा सूर असा, की व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांत नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्नायू साधारण किलोभर जास्त वाढतो आणि पायाची ताकद थोडी जास्त. थोडीच. आणि मोजलं जातं ते ताकद, उठणं-बसणं. पडण्याची संख्या कमी होते, असं थेट सिद्ध झालेलं नाही.

तोलाचं तर माझ्या वहीतच दिसतं. खुर्चीचे ११ झाले तेव्हाही रेषेतला आकडा ७ सेकंदांवर अडलेला होता. पाय बळकट झाले म्हणून तोल आपोआप येत नाही, त्याचा वेगळा सराव लागतो. एप्रिलपासून रोज कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला बोटं टेकवून रेषेत उभी राहते, मग एका पायावर, मग बोटं उचलून. आता १० सेकंद पूर्ण होतात.

आता रिपोर्टची गोष्ट. मार्चअखेर नेहमीची तपासणी केली. किडनी रक्तातून गाळून टाकते ते क्रिएटिनिन डिसेंबरात ०.९ होतं, ते १.१ आलं. किडनी किती गाळते तो हिशोबाचा आकडा ६९ वरून ५४ वर. साठच्या खाली म्हणून शेजारी ठळक अक्षरात खूण. लॅबमधल्या मुलाने "किडनीवाल्यांना दाखवा" म्हणून सांगितलं आणि आमच्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही. लेकीने डबा उचलून केराच्या बादलीत टाकला.

डॉक्टर मात्र शांत होते. क्रिएटिन वापरलं गेलं-न गेलं तरी त्यातला थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात येतो. साठा वाढवला तर हेही वाढणारच. किडनी तितकीच गाळत असते, पण हिशोब क्रिएटिनिनवर बांधलेला असल्यामुळे किडनी मंदावल्यासारखी दिसते. ती खरंच बिघडली आहे का, हे ठरवायला त्यांनी सिस्टॅटिन-सी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. सोबत लघवीतल्या प्रथिनांची. सिस्टॅटिनवरून आकडा ७८ आला, लघवी स्वच्छ. थायरॉईडचा बिघाड असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर सिस्टॅटिनही फसवतं, मला दोन्ही नाही. डिसेंबरातला रिपोर्ट हाताशी नसता तर १.१ हा आकडा जुनाच की नवा, हेही कळलं नसतं. आता दर वेळी रक्त देताना फॉर्मवर "क्रिएटिन ३ ग्रॅम रोज" असं ठळक लिहिते.

खर्च म्हणाल तर २५० ग्रॅमचा डबा मला साडेसातशेला पडला, ऐंशी दिवस पुरतो. पावसाळ्यात गोळे होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवलंय. गोळे फोडून घेतले तरी चालतात.

आमच्या ह्यांना मात्र डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. वीस वर्षांचा मधुमेह आणि लघवीतून प्रथिनं जातात, म्हणजे किडनीला आधीच दुखणं आहे. त्यात क्रिएटिनिनचा आकडा गढूळ करून ठेवला तर खरा बिघाड कधी वाढला ते कळायचं कसं? ते नुसत्या उठबशा काढतात. गेल्या रविवारी त्यांचे ११ झाले, मार्चमध्ये ९ होते.