बोट फिरवून टाइप करायचं की एकेक अक्षर दाबून? मराठी लिहिणाऱ्यांसाठी

फोनवर टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एक म्हणजे नेहमीची, एकेक अक्षर टॅप करायची, आणि दुसरी ग्लाइड, म्हणजे बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत न्यायचं आणि शब्द संपला की उचलायचं. कोणती फास्ट हे सगळे विचारतात, पण मला वाटतं आधी चूक कशी होते ते बघावं, कारण वेळ खरा तिथेच जातो.

टॅप करताना चूक अक्षराची होते. शेजारची की दाबली गेली तर शब्द बहुतेक वेळा निरर्थक दिसतो, म्हणून एकतर ऑटोकरेक्ट पकडतो नाहीतर आपल्या डोळ्याला खटकतो. ग्लाइडमध्ये चूक अख्ख्या शब्दाची होते, आणि चुकून आलेला शब्दही डिक्शनरीतलाच असतो, स्पेलिंग एकदम बरोबर, त्यामुळे खाली लाल रेघ येत नाही आणि घाईत मेसेज तसाच जातो.

हे कसं होतं ते बघायला इंग्रजी अक्षरात मराठी लिहून बघा, म्हणजे गूगलच्या जीबोर्डचा abc → मराठी वाला कीबोर्ड. वरच्या ओळीत t पासून p पर्यंत मध्ये y, u, i, o अशी अक्षरं आहेत. आता तूप लिहायला tup, टोप लिहायला top, टीप लिहायला tip, तिन्हींसाठी बोट t वरून p पर्यंत एकाच सरळ रेषेत जातं. रेषा तीच, मग कीबोर्ड ठरवणार कसं? तो आधीचे शब्द आणि वापर बघून अंदाज लावतो. पूर आणि पोर यांचंही तेच, pur असो की por, बोट p वरून r पर्यंत सरळच. पावसाळ्यात गावाकडे मेसेज करताना नदीला पूर आलाय लिहायचं होतं आणि पोर आलं, तर समोरच्याला नीट कळतच नाही, म्हणून असे छोटे शब्द मी नेहमी टॅपच करते. हव्या त्या अक्षरावर बोट थोडं खाली वळवून परत वर नेलं तर कधी कधी बरोबर ओळखतो, पण दरवेळी नाही. लांब शब्दाला मात्र हा त्रास कमी, maharashtra ची रेष इतकी वळणं घेते की तशी दुसऱ्या शब्दाची सापडणं कठीण.

आता मराठीची खास अडचण. आपण शब्दाला प्रत्यय लावत जातो, शेजाऱ्यांकडच्यांनासुद्धा असा शब्द आपल्याला सहज येतो, पण असं प्रत्येक रूप डिक्शनरीत असेलच असं नाही, आणि ग्लाइड तर ओळखीच्या शब्दांतूनच निवडतो, मग तो जवळचा दुसराच शब्द टाकतो. त्यात इंग्रजी अक्षरातून मराठी म्हणजे अंदाज दोनदा, आधी बोट कुठल्या अक्षरांवरून गेलं आणि मग त्या अक्षरांचा देवनागरी शब्द कुठला. टॅप करताना पहिल्या अंदाजाची जवळपास गरजच लागत नाही, अक्षरं आपणच दिलेली असतात.

स्पीडचं बोलायचं तर 2019 मध्ये फोनवरच्या टायपिंगचा एक मोठा अभ्यास झाला होता, 37 हजारांवर लोकांचा, त्यात सरासरी मिनिटाला साधारण 36 इंग्रजी शब्द आली आणि दोन अंगठे वापरणारे साधारण 38 पर्यंत गेले. म्हणजे दोन अंगठ्यांनी टॅप करणारा मुळीच स्लो नाही, एक अंगठा दाबत असताना दुसरा पुढच्या अक्षराकडे पोचलेला असतो. ग्लाइडमध्ये हे काम एकच बोट करतं.

आता हिशोब. समजा 40 शब्दांचा मेसेज आहे आणि तुम्ही टॅपने मिनिटाला 36 शब्द करता, तर 67 सेकंद लागतील. ग्लाइडने 45 जमले असं धरलं तर 53. वाचले साधारण 13-14 सेकंद. पण चुकीचा शब्द दिसणं, बॅकस्पेस मारणं (जीबोर्डवर ग्लाइड केल्या केल्या बॅकस्पेस दाबला की अख्खा शब्द जातो), परत फिरवणं नाहीतर वरच्या सजेशनमधून निवडणं, याला 5 सेकंद धरा. तीन शब्द चुकले की 15 सेकंद गेले, फायदा संपला. म्हणजे साधारण 14-15 शब्दांमागे एकाहून जास्त चूक होत असेल तर या आकड्यांत टॅपच बरा. तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून एकच मेसेज दोन्ही पद्धतींनी लिहा आणि घड्याळ तेव्हाच थांबवा जेव्हा सगळ्या चुका दुरुस्त झाल्या, नुसतं लिहून झाल्यावर नाही.

एका हातात पिशवी, किंवा लोकलमध्ये दांडी धरून उभे आहात, तर ग्लाइड घ्या, तिथे दुसरा अंगठा नाहीच आणि एका अंगठ्याने टॅप करण्यापेक्षा ते खूप सोपं जातं. आडनावं, गावांची नावं, यूपीआय आयडी, पासवर्ड हे टॅपच करा. एखादं आडनाव रोज लागत असेल तर ते जीबोर्डच्या Dictionary मध्ये Personal dictionary आहे तिथे टाकून ठेवा.

आणि दोन्हीतलं एकच निवडायला हवं असंही नाही. ग्लाइड सुरू असला तरी त्याच कीबोर्डवर टॅप चालतं, सेटिंग काही बदलावं लागत नाही, मी लांब नेहमीचे शब्द फिरवते आणि तूप, पूर आले की दाबते.