उतार, r की R²: वय आणि बीपीच्या आकड्यांतून नेमकं काय सांगायचं?

वय आणि रक्तदाब यांचे आकडे हाती आहेत, संगणकाने तीन उत्तरं दिली आहेत, आणि अहवालात मुख्य वाक्य एकच लिहायचं आहे. सहसंबंध गुणांक r लिहावा, समाश्रयण रेषेचा उतार लिहावा, की निर्धारण गुणांक R² लिहावा? बरेच जण r लिहून मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे, आणि ते का, हे एका छोट्या उदाहरणावरून पाहू.

खालची नऊ माणसं हिशोब सोपा जावा म्हणून मी रचलेली आहेत. आकडे वरच्या, म्हणजे सिस्टॉलिक बीपीचे, मिमी पाऱ्यात.

| वय | २५ | ३० | ३५ | ४० | ४५ | ५० | ५५ | ६० | ६५ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| बीपी | ११८ | ११२ | १२४ | १२० | १३६ | १२२ | १३८ | १२८ | १३६ |

वयाची सरासरी ४५, बीपीची १२६. प्रत्येकाचं वय आणि बीपी आपापल्या सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं. मग तीन बेरजा लागतात: वयाच्या फरकांच्या वर्गांची (१५००), बीपीच्या फरकांच्या वर्गांची (६६४) आणि दोन्ही फरकांच्या गुणाकारांची (७५०). तिन्ही उत्तरं याच तीन बेरजांतून निघतात.

उतार म्हणजे ७५० भागिले १५००, म्हणजे ०.५. रेषा अशी येते: बीपी = १०३.५ + ०.५ × वय. r काढताना ७५० ला १५०० × ६६४ च्या वर्गमुळाने भागायचं, उत्तर ०.७५. त्याचा वर्ग R², ०.५६. R या सॉफ्टवेअरमध्ये पडताळायचं असेल तर:

```r
age <- seq(25, 65, by = 5)
sbp <- c(118,112,124,120,136,122,138,128,136)
summary(lm(sbp ~ age))
```

उताराला एकक असतं. आपल्या उदाहरणात तो ०.५ मिमी दर वर्षाला आहे. वाचायचा असा: वयात दहा वर्षांचं अंतर असलेल्या दोन गटांच्या सरासरी बीपीत ५ मिमीचा फरक दिसतो. हे वाक्य डॉक्टरला कळतं, आरोग्यसेविकेला कळतं, कारण ५ मिमी किती असतात हे त्यांना माहीत असतं. r ला एकक नाही. वय महिन्यांत मोजा, बीपी किलोपास्कलमध्ये मोजा, r ०.७५ च राहतो, उतार मात्र बदलतो. एककांच्या कटकटीतून सुटका होते म्हणून r लोकप्रिय आहे. पण एकक गेलं की ‘किती’ हा प्रश्नही हातातून जातो. ०.७५ वरून बीपी वयाबरोबर भराभर चढतं की सावकाश, हे कळायला वाव नाही. ठिपके रेषेला किती चिकटून आहेत, तेवढंच कळतं.

आणखी एक फरक दिशेचा. वय आणि बीपी यांची अदलाबदल केली तरी r तोच. उताराचं तसं नाही. बीपीवरून वयाचा अंदाज काढायचा म्हटलं तर उतार ७५० भागिले ६६४, म्हणजे १.१३ वर्षं दर मिमीला. पहिली रेषा फक्त उलटी केली असती तर २ यायला हवे होते. तसं होत नाही, कारण एक रेषा बीपीतली चूक कमीत कमी करते आणि दुसरी वयातली. गंमत म्हणजे दोन्ही उतारांचा गुणाकार, ०.५ × १.१३, बरोबर R² इतका येतो. त्यामुळे उतार लिहिताना कशावरून कशाचा अंदाज, हे सांगावंच लागतं. इथे प्रश्न सरळ आहे: वय आधी, बीपी नंतर.

आता R². ‘वयामुळे ५६ टक्के बीपी ठरतं’ किंवा, त्याहून वाईट, ‘५६ टक्के लोकांचं बीपी वयामुळे वाढतं’ असं वाचणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही चूक. R² कशाचा आहे ते ठिपक्यांवरच पाहू. वय माहीत नसेल तर प्रत्येकाचा अंदाज १२६ च सांगावा लागेल, आणि त्या अंदाजातल्या चुकांच्या वर्गांची बेरीज ६६४. रेषा वापरली तर पंचेचाळिशीच्या माणसाचा अंदाज १२६ च राहतो आणि त्याचं खरं बीपी १० मिमी वर निघतं. पन्नाशीच्या माणसाचा अंदाज १२८.५, खरं बीपी ६.५ ने खाली. पासष्टीचा माणूस नेमका रेषेवर. अशा नऊ चुकांच्या वर्गांची बेरीज २८९. म्हणजे ६६४ पैकी ३७५ कमी झाले, आणि ३७५ भागिले ६६४ म्हणजे ०.५६.

पण ही घट वर्गांतली आहे, आणि बीपी कुणी वर्गात मोजत नाही. मूळ आकड्यांचं प्रमाण विचलन ९.१ मिमी आहे, रेषेभोवती उरलेलं ६.४ मिमी. म्हणजे मिमीच्या हिशोबात पसारा जेमतेम तीस टक्क्यांनी आक्रसला. ५६ हा आकडा ऐकायला जेवढा दणदणीत वाटतो, तेवढी मदत प्रत्यक्ष अंदाजाला होत नाही. ५८ वर्षांच्या एखाद्या नव्या माणसाचं बीपी या रेषेवरून सांगायचं तर १३२.५ येतं, आणि ९५ टक्के खात्रीची कक्षा साधारण ११६ ते १४९. ११६ ला कुणी काळजी करणार नाही आणि १४९ ला डॉक्टर पुन्हा बोलावतील. एकेका माणसाबद्दल ही रेषा फार काही सांगू शकत नाही, हे R² पेक्षा ६.४ मिमी या आकड्यातून लवकर लक्षात येतं. म्हणून R² लिहायचाच असेल तर शेजारी उरलेलं प्रमाण विचलन लिहा. संगणकाच्या उत्तरात ते `Residual standard error` या नावाने येतं.

निवड करताना मला सगळ्यात निर्णायक वाटतो तो पुढचा मुद्दा. समजा, त्याच नऊ जणांपैकी ४० ते ६० वयाचे पाचच जण तुमच्या पाहणीत आले. माणसं तीच, बीपी तेच. आता उतार येतो ०.३६, r येतो ०.३५, आणि R² कोसळतो ०.१२ वर. वयाचा बीपीवरचा प्रभाव अचानक पाचपट कमी झाला का? नाही. वयाची कक्षा आखूड झाली, म्हणून वयामुळे पडणारा फरकही थोडा उरला. इतर कारणांनी होणारी वरखाली मात्र तशीच राहिली. उतारही हलला, पण पाचच ठिपक्यांवर तेवढा हलणारच, आणि कक्षा आखडली म्हणून तो एका बाजूला झुकत नाही. r आणि R² मात्र नमुन्यात कोणत्या वयाची माणसं घेतली यावरही ठरतात. म्हणून दोन पाहण्यांची तुलना करायची असेल, एकीत १८ ते ८० वयाचे लोक आणि दुसरीत फक्त चाळिशी-पन्नाशीचे, तर दोघींचे r शेजारी ठेवून ‘इथे संबंध घट्ट, तिथे सैल’ म्हणण्यात अर्थ नाही. उतार शेजारी ठेवा.

मापनातल्या ढिलाईचंही असंच आहे. हाताने बीपी घेणारे बरेचदा आकडा शून्यावर आणून ठेवतात: १२०, १३०, १४०. अशा चुका वयाशी संबंध न ठेवता दोन्ही बाजूंना होत असतील तर उतार सरासरीने जागेवर राहतो, ठिपके पसरतात, R² घसरतो. उलट वयच अंदाजाने नोंदवलेलं असेल तर उतारही सपाट होतो, आणि मग त्याच्यावरही भरवसा ठेवता येत नाही. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. गोळ्या वाढत्या वयात जास्त लोक घेतात आणि त्यांचं बीपी औषधाने उतरलेलं असतं. त्यांना तसंच मोजलं तर उतार कमी दिसतो. त्यांना वगळलं तर ज्यांचं बीपी मुळात जास्त होतं तेच बाहेर जातात आणि उतार पुन्हा कमीच दिसतो. तुम्ही काय केलं ते लिहा, एवढं तर हातात आहे.

तर एकच वाक्य लिहायचं असेल तर ते उताराचं, आणि त्याच्यासोबत विश्वासकक्षा. आपल्या उदाहरणात उताराची प्रमाण त्रुटी ०.१६६, आणि ९५ टक्के विश्वासकक्षा ०.११ ते ०.८९. म्हणजे दहा वर्षांत एक मिमीपासून नऊ मिमीपर्यंत काहीही असू शकेल. नऊ माणसांवर एवढंच बोलता येतं. नुसतं r = ०.७५ लिहिलं असतं तर हा सैलपणा झाकला गेला असता. अंदाज वर्तवणं हाच हेतू असेल तर R² आणि उरलेलं प्रमाण विचलन पुढे आणा. r एकट्याने पुरेसा असतो तो क्वचित, जिथे कोणतीच बाजू ‘आधीची’ नाही तिथे. उदाहरणार्थ, त्याच माणसांचं दोन्ही हातांचं बीपी कितपत बरोबरीने वरखाली होतं हे पाहताना. तिथेही दोन्ही हातांचे आकडे जुळतात का, हा प्रश्न वेगळा. एका हाताचं बीपी कायम १० मिमी जास्त असलं तरी r एकच्या जवळ येऊ शकतो.

उतार लिहिताना शब्द मात्र जपून. वेगवेगळ्या वयाची माणसं एकदाच मोजली असतील तर ०.५ हा माणसामाणसांतला फरक आहे. ‘तुमचं बीपी दरवर्षी अर्धा मिमी वाढेल’ असं त्यातून निघत नाही. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं मोजावी लागतात. आणि १०३.५ हे शून्य वयाचं बीपी म्हणून वाचू नका. नवजात बाळाचं वरचं बीपी याहून कितीतरी कमी असतं. आपली रेषा २५ ते ६५ वयापुरती आहे, तिच्या अलीकडे-पलीकडे ती ओढायची नाही.

खालच्या, म्हणजे डायस्टॉलिक बीपीला तर हे तिन्ही आकडे लावण्याआधी आलेख काढून पाहा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात वरचं बीपी वयाबरोबर चढतच गेलेलं दिसलं, पण खालचं साधारण पन्नाशीपर्यंत चढून साठीनंतर उतरू लागलेलं दिसलं. मोठ्या धमन्या ताठर होतात हे त्यामागचं कारण. अशा कमानीतून सरळ रेषा ओढली तर चढ आणि घसरण एकमेकांना खाऊन टाकतात. उतार शून्याजवळ, r शून्याजवळ, R² शून्याजवळ, आणि अहवालात वाक्य येतं की खालच्या बीपीचा वयाशी संबंध नाही. तिथे पन्नाशीच्या अलीकडच्या आणि साठीच्या पलीकडच्या माणसांचे उतार वेगळे काढावेत, किंवा समीकरणात वयाचा वर्गही घ्यावा.