तांदळाचं मिश्रण : फुली मारावी की समीकरण मांडावं?

फोंड्याला आमच्या घरच्या दुकानात उकड्या तांदळाच्या दोन प्रती येतात. दोन्ही ज्योती जातीच्याच, त्यामुळे शिजायला सारखा वेळ लागतो. उकड्यात सुरय म्हणजे न उकडलेला तांदूळ मिसळला तर एक दाणा गाळ होतो नि दुसरा टणक राहतो, म्हणून तसलं मिश्रण आम्ही करत नाही. वरच्या प्रतीत दाणा अख्खा, खालच्या प्रतीत कणी जास्त. समजा वरची प्रत आपल्याला 58 रुपये किलोने पडली, खालची 46 ने. रोजच्या गिऱ्हाइकाला 56 च्या आसपास परवडतं, आणि खरेदीवर 10 टक्के नफा ठेवायचा आहे. तर दोन्ही प्रती कोणत्या प्रमाणात मिसळाव्यात?

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. गणितात घालायचा भाव हा विक्रीचा नव्हे, पडीचा. 56 ला 1.1 ने भागलं की 50.91 येतात, म्हणजे 51 धरायला हरकत नाही. 56 मधून सरळ 10 टक्के उडवून 50.40 धरणारे पुष्कळ भेटतात. पण ते विक्रीवरचे 10 टक्के झाले. आता प्रश्न असा उरला की 58 आणि 46 मिसळून 51 कसे आणायचे. त्याच्या दोन रीती सगळ्यांना ठाऊक असतात. त्यातली कोणती हाताशी ठेवावी, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिली फुलीची. स्पर्धा परीक्षांच्या क्लासात तिला अ‍ॅलिगेशन म्हणतात. डावीकडे वर 58, खाली 46, मधोमध 51. तिरक्या वजाबाक्या करायच्या. 58 मधून 51 गेले, उरले 7, ते 46 च्या रांगेत समोर लिहायचे. 51 मधून 46 गेले, उरले 5, ते 58 च्या रांगेत. उत्तर : खालच्या प्रतीचे 7 भाग, वरच्या प्रतीचे 5 भाग. पेन्सिल उचलून ठेवेपर्यंत काम झालेलं असतं. क्ष नाही, कंस नाही. ही रीत जुनीही आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत सुवर्णगणितात हाच नियम सोन्याच्या कसासाठी दिला आहे. 16 वर्णाचं आणि 10 वर्णाचं सोनं मिसळून 12 वर्णाचं कसं करायचं, असं तिथलं उदाहरण. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : पहिली बाकी हलक्या सोन्याची आणि दुसरी भारी सोन्याची, हे आचार्यांनी नियमातच स्पष्ट सांगून ठेवलं आहे. ते सांगावं लागतं, कारण नेमकं तिथेच माणूस अडखळतो.

दुसरी रीत समीकरणाची. 60 किलो मिश्रण हवं असेल तर वरची प्रत क्ष किलो, खालची 60 वजा क्ष. रुपये दोन्हीकडे सारखे :

58क्ष + 46(60 − क्ष) = 51 × 60

सोडवलं की 12क्ष = 300, म्हणजे वरची प्रत 25 किलो आणि खालची 35. पुन्हा तेच 7 ला 5. फुलीपेक्षा दोन-तीन ओळी जास्त लागतात, आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना कंस सोडवत बसणं कुणालाच नको असतं, हे मान्य.

मग मी फुली का सोडली? त्याला एकच कारण आहे, पण ते मला सतत टोचायचं. माझा भाचा परीक्षेची तयारी करता करता दुकानात मदतीला बसतो. हुशार पोरगा. त्याने एकदा कागदावर फुली मारली आणि मला विचारलं, "मामा, हे सात तर अठ्ठावन्नातूनच आले ना? मग ते सेहेचाळिसाकडे का जातात?" प्रश्न अगदी रास्त होता. फुलीत आकडा जिथून निघतो तिथे राहत नाही, समोरच्याच्या घरी जातो. का जातो ते फुली सांगत नाही. ते पाठच करावं लागतं. आणि पाठ केलेलं गडबडीत उलटतं.

उलटलं तर काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. 7 आणि 5 ची अदलाबदल झाली तर मिश्रण 53 रुपयांना पडतं. हा 53 योगायोगाने येत नाही. दोन्ही भावांची बेरीज 104, तिच्यातून हवा असलेला भाव 51 वजा केला की 53. गुणोत्तर उलटलं की भाव नेहमी असाच मध्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर जाऊन पडतो. हवा असलेला भाव 48 असता तर चूक 56 वर गेली असती, आणि नुसत्या सुपातल्या दाण्यांकडे बघूनही कळलं असतं की काहीतरी भलतंच झालं आहे. पण दुकानात आपल्याला हवा असलेला भाव बहुधा मधल्या पट्ट्यातच असतो. 51 च्या जागी 53 डोळ्यांना दिसत नाहीत. तांदूळ चांगलाच दिसतो, उलट जरा जास्तच चांगला. गिऱ्हाईक खूष, आणि किलोमागे 5 रुपयांचा नफा 3 वर आलेला. शंभर किलोंना दोनशे रुपये गेले, आणि कुठे गेले ते कुणाला सापडत नाही.

समीकरणात हे होत नाही, कारण 58 हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वरच्या प्रतीच्या किलोंनाच चिकटलेला असतो. राहिला तो त्याच्या लांबीचा प्रश्न. त्यावर उपाय आहे, आणि माझं मन वळलं ते त्या उपायाने. प्रत्येक भावातून 51 आधीच काढून टाकायचे. वरच्या प्रतीचा प्रत्येक किलो 7 रुपयांनी महाग, खालच्या प्रतीचा प्रत्येक किलो 5 रुपयांनी स्वस्त. महागाई आणि स्वस्ताई एकमेकींना फेडली पाहिजे :

7 × वरचे किलो = 5 × खालचे किलो

बस. हे समीकरणच आहे, फक्त कंस गेले. 7 ज्याचे त्याच्याकडे राहिले, 5 ज्याचे त्याच्याकडे. वरचे 25 किलो घेतले तर 175 रुपये जास्तीचे झाले, ते फेडायला 5 रुपयांच्या हिशोबाने खालचे 35 किलो लागले. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे : वरचा किलो जितका महाग, तितके खालचे किलो जास्त लागणार, म्हणून 7 खाली जातात. हे त्याला सांगितल्यापासून तो फुलीसुद्धा बरोबर मारतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही रीतींना सारखीच बाधते, म्हणून इथेच सांगतो. कागदावरचा 46 खरा 46 नसतो. खालच्या प्रतीची 50 किलोची गोण 2300 रुपयांची. चाळून पाखडली की धूळ, खडे, अगदी बारीक कणी मिळून दोनेक किलो निघतात. उरलेल्या 48 किलोंवर तेच 2300 बसले की भाव 47.92, म्हणजे जवळपास 48 झाला. (निघालेली कणी कोंबड्यांसाठी विकली जात असेल तर तेवढे पैसे 2300 मधून आधी वजा करावेत.) आता स्वस्ताई 5 ची नाही, 3 ची राहिली, आणि प्रमाण 7 ला 5 नसून 7 ला 3 झालं. जुन्याच प्रमाणाने मिसळलं असतं तर मिश्रण 52 च्याही थोडं वर गेलं असतं. पाखडलेला माल पुन्हा वजन करून मगच भाव धरावा.

आणि मिसळायचंही वजनानेच. कणी जास्त असलेला माल मापात सहसा दाटून बसतो, त्यामुळे मापाने सात आणि तीन मोजले तर किलोने तेच येतील असं नाही. मिसळल्यावरही कणी फटींतून हळूहळू तळाशी जाते. पहिल्या गिऱ्हाइकांना वरचा अख्खा दाणा जातो आणि शेवटच्यांच्या पिशवीत कणीच कणी. सरासरी 51 असते ती सगळ्या पिंपाची, प्रत्येक किलोची नव्हे. म्हणून आम्ही थोडं थोडं मिसळतो, पुन्हा खालवर करतो, आणि मिश्र म्हणूनच विकतो.

परीक्षेपुरतं बोलायचं तर फुलीला नावं ठेवणं मला योग्य वाटत नाही. तिथे प्रती दोनच असतात, विचारलेलं असतं नुसतं गुणोत्तर, आणि मिनिट महत्त्वाचं असतं. तिथे फुली मारा. फक्त उत्तरावर खूण करण्याआधी बघा की हवा असलेला भाव ज्या प्रतीच्या जवळ आहे, तिचे भाग जास्त आलेत ना. 51 हे 58 पेक्षा 46 ला जवळ, म्हणून खालची जास्त. हवा असलेला भाव बरोबर मध्यावर असेल तर उलटण्याचा प्रश्नच नाही.

पण दुकानासाठी कुणी मला विचारलं तर मी महागाई-स्वस्ताईची ती एक ओळच सांगेन. दुकानात प्रती दोनच कधी नसतात. पिंपाच्या तळाशी मागच्या वेळचं मिश्रण उरलेलं असतंच. समजा वरच्या प्रतीचे 15 किलो शिल्लक आहेत, जुनं मिश्रण 10 किलो आहे आणि ते साडेएकोणपन्नासने पडलेलं आहे. पाखडलेली खालची प्रत 48 ची. सगळं मिळून 51 व्हायला खालची किती घालावी? फुली इथे थबकते, आधी दोन ढिगांचा एक करून घ्यावा लागतो. एका ओळीत मात्र हे सरळ सुटतं. वरच्या 15 किलोंचे जास्तीचे 7 प्रमाणे 105. जुनं मिश्रण किलोमागे दीड रुपयाने स्वस्त, त्याने 15 फेडले. उरले 90. खालची प्रत किलोला 3 फेडते, म्हणजे 30 किलो घाला. ताळा हवा असेल तर तोही लगेच मिळतो : 870, 495 आणि 1440 मिळून 2805 रुपये, आणि 55 किलोंना 51 प्रमाणेही 2805 च.