दहा श्रोते पुरले, छत्तीस अपुरे पडले: संगीतबोधाच्या प्रबंधातला लहान नमुना कसा तोलावा

समजा, संगीतबोधावरचा एक प्रबंध परीक्षणासाठी तुमच्याकडे आलाय. त्यात तीन प्रयोग आहेत आणि तिन्हींमध्ये तेच २४ विद्यार्थी: १२ जण हिंदुस्थानी गायन शिकलेले, १२ जण न शिकलेले, सगळे एकाच विद्यापीठातले. तुम्हाला ठरवायचंय की प्रबंध मान्य करावा, दुरुस्तीसाठी परत पाठवावा, की प्रयोग नव्याने करायला सांगावं. अशा वेळी दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ‘२४ म्हणजे काहीच नाही.’ दुसरं म्हणतं, ‘या क्षेत्रात सगळेच एवढ्यावर भागवतात.’ मला दोन्ही पटत नाहीत. २४ हा आकडा एका प्रयोगाला भरपूर असतो आणि दुसऱ्याला अगदीच तोकडा पडतो. म्हणून तिन्ही प्रयोगांना एकच शेरा देऊ नका.

हे का, ते दोन जुन्या प्रयोगांवरून नीट दिसतं. नमुना दोन्हींचा लहानच होता, पण दोघांचं पुढे जे झालं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रयोग १९८२चा, कॅरोल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांचा. श्रोते फक्त १०, सगळे बरीच वर्षं संगीत शिकलेले. आधी एखादी स्वरपंक्ती किंवा स्वरसंगतींचा छोटा क्रम ऐकवायचा, मग सप्तकातल्या १२ स्वरांपैकी एक. तो आधीच्या संगीतात किती चपखल बसतो, ते श्रोत्याने १ ते ७ गुणांत सांगायचं. हे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या संदर्भांसह, बाराही स्वरांसाठी. मेजर पट्टीत षड्जाला सरासरी ६.३५, पंचमाला ५.१९ आणि शुद्ध गंधाराला ४.३८ गुण मिळाले. पट्टीबाहेरचे स्वर २.२ ते २.५च्या आसपास राहिले. पुढच्या चार दशकांत हा आलेख अनेकांनी वापरला, त्याच्या कारणांवर वाद घातले, पण तो आकार टिकून राहिला.

दुसरा १९९३चा, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथला. फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी ३६ विद्यार्थ्यांना मोत्झार्टची दोन पियानोंची सोनाटा (के. ४४८) १० मिनिटं ऐकवली. याशिवाय प्रत्येकाने एकदा शिथिलीकरणाच्या सूचनांची ध्वनिफीत ऐकली आणि एकदा शांतता अनुभवली. दर वेळी त्यानंतर अवकाशीय तर्काचा एक कसोटीप्रश्नसंच सोडवला. बुद्ध्यंकाच्या भाषेत मोत्झार्टनंतर ११९, बाकी दोन्हींनंतर १११ आणि ११०. परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला, पण बातमी जगभर गेली. नंतर अनेक प्रयोगशाळांना तो फरक सापडला नाही. २०१०मध्ये याकोब पीचनिग आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४० अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जे थोडंफार उरलं तेही मोत्झार्टचं खास नव्हतं, इतर संगीतानंतरही साधारण तेवढंच दिसत होतं. मधल्या काळात, २००१मध्ये, थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी दाखवलं होतं की श्रोत्याची तरतरी आणि मनःस्थिती हिशेबात धरली की हा परिणाम जवळपास नाहीसा होतो.

३६ हे १०च्या साडेतीन पटींहून जास्त. तरी निकाल उलटा का लागला?

पहिलं कारण, दर माणसामागे किती मोजलं. १९८२च्या प्रयोगात प्रत्येक श्रोत्याकडून इतकी उत्तरं घेतली होती की एकट्या माणसाचा स्वतंत्र आलेख काढता यावा. तिथे १० श्रोते म्हणजे तोच प्रयोग १० वेळा केल्यासारखं होतं. १९९३च्या प्रयोगात प्रत्येक विद्यार्थ्याचं प्रत्येक स्थितीतलं मोजमाप एकच. त्या दिवशी झोप कमी झाली असेल, प्रश्नसंच सोपा लागला असेल, तर ते सगळं त्या एका आकड्यात मिसळून गेलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि प्रबंध वाचताना नेमकं तेच निसटतं. अर्व्हाइनच्या प्रयोगात माणसं ३६ होती, पण संगीत एकच होतं. एका सोनाटेवरून संगीताबद्दल, किंवा निदान मोत्झार्टबद्दल, बोलणं म्हणजे एका माणसावरून माणसांबद्दल बोलणं. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३मध्ये भाषेच्या प्रयोगांबाबत हेच बजावलं होतं: शब्दांचाही नमुना असतो. आपल्याकडे ध्वनिखंडांचाही असतो. माणसं ३,००० केली तरी ध्वनिखंडांचा नमुना एकाच्या वर जात नाही.

हे दोन निकष घेऊन आता आपल्या प्रबंधाकडे येऊ.

पहिल्या प्रयोगात प्रत्येक विद्यार्थ्याला तानपुऱ्याच्या साथीने आणि साथीशिवाय असे ४०० वेळा दोन-दोन स्वर ऐकवले, कोणता चढा ते विचारलं, आणि त्यातून प्रत्येकाचा सूक्ष्मतम ओळखता येणारा फरक सेंटमध्ये, म्हणजे अर्धस्वराच्या शंभराव्या भागांत, काढला. तुलना त्याच माणसाची त्याच माणसाशी. इथे सरासरीच्या स्तंभांकडे पाहत बसू नका, २४ जणांच्या २४ रेषा मागा: साथीशिवाय इथे, साथीसह तिथे. समजा २१ जणांच्या रेषा एकाच दिशेने झुकतात. नुसत्या योगायोगाने असं होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. हा प्रयोग मी निःशंक मान्य करेन. उलट १३ रेषा वर आणि ११ खाली असतील, पण सरासरी दोन-तीन जणांनी ओढून नेलेली असेल, तर ४०० वेळा ऐकवूनही काही सिद्ध झालेलं नाही.

दुसऱ्या प्रयोगात शिकलेल्या १२ जणांची न शिकलेल्या १२ जणांशी तुलना आहे. आकडा तोच, पण इथे तो फार लवकर संपतो, कारण आता माणसा-माणसांतला सगळा फरक आड येतो. खरा फरक मध्यम आकाराचा, म्हणजे प्रमाण विचलनाच्या निम्मा आहे असं धरलं, तर १२-१२ जणांत तो सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग न वाटण्याइतका, ठरण्याची संधी पाचात जेमतेम एकदा. ती पाचात चारदा हवी असेल तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. याहून घातक गोष्ट पुढे आहे. १२-१२ जणांत निकाल लक्षणीय ठरायला दिसणारा फरक किमान ०.८५ प्रमाण विचलनांचा असावा लागतो. म्हणजे खरा फरक ०.५ असताना प्रबंधात ‘लक्षणीय’ म्हणून जो छापला जाईल तो फुगलेलाच असणार. विद्यार्थ्याने काही लबाडी केलेली नसते, गाळणीच तशी आहे. तेव्हा मोठा फरक दिसतोय, याचा नमुना लहान असताना आधार वाटून घेऊ नका.

याच प्रयोगात एक खूण शोधा. दोन गटांत मिळून २४ माणसं असतील तर साध्या टी-चाचणीशेजारी डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे माणसांच्या संख्येतून गटांची संख्या वजा केलेला आकडा, २२ दिसायला हवेत. तिथे २,३९८ दिसले, तर समजा की प्रत्येकाची १०० उत्तरं ही जणू १०० वेगळी माणसं धरली आहेत. ही चूक छोटी नाही. तिने नमुना कागदावर शंभरपट होतो आणि जवळपास काहीही लक्षणीय ठरू शकतं. सुदैवाने ती विदा न बदलता दुरुस्त होते: माणूस आणि ध्वनिखंड दोन्ही यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रारूपाने पुन्हा विश्लेषण करायला सांगा. निकाल टिकला तर उत्तम, नाही टिकला तर तेही लिहू द्या.

तिसऱ्या प्रयोगात यमनचे दोन आणि मारव्याचे दोन आलापखंड ऐकवून ‘किती शांत वाटलं’ ते विचारलंय, आणि शिक्षणाच्या वर्षांशी त्याचा सहसंबंध ०.४५ दिलाय. २४ जणांवर काढलेल्या ०.४५ भोवती ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल, म्हणजे खरा सहसंबंध जिथे असू शकतो तो पट्टा, साधारण ०.०६ ते ०.७२ असतो. ‘संबंध जवळजवळ नाही’पासून ‘संबंध फार घट्ट आहे’पर्यंत सगळं त्यात मावतं. आणि खंड चारच, तेही एकाच गायकाचे. तो यमन किंचित संथ गायला असेल तर शांतता रागाची की लयीची, हे या विदेतून कधीच कळणार नाही. हा प्रयोग प्राथमिक चाचपणी म्हणून राहू शकतो, त्यावर निष्कर्षाचं प्रकरण उभं राहू शकत नाही.

राहिला ‘विद्यार्थीच का’ हा प्रश्न. तो ‘नमुना लहान आहे’ या आक्षेपापासून वेगळा ठेवा, कारण संख्या वाढवून तो सुटत नाही. २०१६मध्ये जॉश मॅकडर्मट आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवले, तर त्यांना दोन्ही सारखेच सुखद वाटले. अमेरिकेतले विद्यार्थी कितीही वाढवले असते तरी हे कळलं नसतं. मात्र हा आक्षेप दाव्यानुसार लावा. कानाच्या सूक्ष्मतेबद्दलचा पहिला प्रयोग तरुण, निरोगी कानांपुरता बोलत असेल तर विद्यार्थी चालतात. आवडीनिवडी आणि भावनांबद्दलचा तिसरा प्रयोग ‘श्रोत्यांना यमन शांत वाटतो’ म्हणत असेल तर चालत नाहीत.

आपल्याकडच्या नमुन्यात आणखी एक गुंतागुंत आहे. १९८४मध्ये कॅस्टेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल यांनी उत्तर हिंदुस्थानी राग भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले. षड्ज-पंचमाचं वजन दोघांनाही जाणवलं, पण थाटाचा ठसा फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत उमटला. म्हणजे कानावर सतत पडलेलं संगीत मोजमापात येतं. मग पुण्या-मुंबईतला मुलगा अभंग, नाट्यगीतं आणि सिनेमाची गाणी ऐकत वाढलेला असताना त्याला ‘न शिकलेला’ म्हणून कोरा धरता येईल का? ‘शिकलेला’ म्हणजे तरी काय, दोन परीक्षा दिलेला की दहा वर्षं गुरूसमोर बसलेला? प्रबंधात नुसत्या हो-नाहीच्या रकान्यावर गट पाडले असतील तर मी विचारेन. २०१४पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठाची संगीतजाणकारीची प्रश्नावली उपलब्ध आहे. तिचा आपल्या संगीताशी पूर्ण मेळ बसत नाही, पण शिक्षण आणि सक्रिय श्रवण वेगळं मोजायची तिची रीत उपयोगी आहे.

तर माझा कल असा. प्रबंधाचा कणा पहिला प्रयोग असेल, तर किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य करा, दुसऱ्याला विश्वासांतराल जोडून भाषा सौम्य करायला लावा आणि तिसरा परिशिष्टात हलवा. पण शीर्षकातच ‘संगीतशिक्षणाचा परिणाम’ असेल तर कणा दुसरा प्रयोग आहे, आणि तो १२-१२ जणांवर उभा राहत नाही. शिवाय आधीपासून कान तयार असलेलेच गाणं शिकायला जात असतील, तर शिक्षणाचा परिणाम म्हणता येणार नाही, फार तर फरक म्हणता येईल. एका शहरात ६४ शिकलेले गायक मिळवणं अवघड आहे, हे मार्गदर्शक सांगतील आणि ते खरंही आहे. अशा वेळी प्रश्न माणसाच्या आत वळवायला सुचवा: त्याच १२ गायकांना शिकलेले आणि न शिकलेले राग ऐकवा, प्रत्येक रागाचे अनेक खंड, अनेक गायकांचे. नवीन माणसं न शोधता सहा महिन्यांत हे होऊ शकतं.

निर्णय लिहिण्याआधी एक आकडा मात्र मागून घ्या. २४ जणांची विदा विश्लेषणात आली, पण प्रयोगाला बसले किती? ३१ बसले असतील, तर उरलेले सात का आणि कधी वगळले, निकाल पाहण्याआधी की नंतर, हे तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यालाच सांगू द्या.