मुलाखतीनंतरच्या चार ओळी: काही महिने वापरून झाल्यावर

एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनमधली नोकरी बदलायची म्हणून पावसाळ्यापासून वाशी, तुर्भे, बेलापूर अशा मुलाखती देतेय. जुन्या ऑफिसातल्या एचआरच्या ताईंनी एक पद्धत सांगितली होती. मुलाखतीहून निघाल्यावर मनात येईल ते व्हॉट्सॲपच्या भाषेत लिहून काढायचं, पण पाठवायचं नाही. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून चार ओळींचा मेल काढायचा. पद्धत आता पुरेशी वापरून झालीय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुर्भ्याच्या एका फ्रेट फॉरवर्डरकडची मुलाखत घ्या. परतताना ठाण्याच्या लोकलमध्ये मोबाइलवर लिहिलं ते असं:

"हॅलो सर, आज तुम्हाला भेटून खूप भारी वाटलं!! इंटरव्ह्यू मस्त झाला असं मला तरी वाटतंय. काम शिकायची खूप इच्छा आहे, प्लीज माझं जरा बघा ना सर. रिझल्ट कधी कळेल?"

आता कात्री. "मस्त झाला" गेलं, कारण मार्क द्यायचं काम समोरच्याचं. "माझं जरा बघा" गेलं. त्याने अर्ज राहतो बाजूला आणि उपकार मागितल्यासारखं होतं. "कधी कळेल" हा प्रश्न चुकीचा नाही, पण आभाराच्या मेलमध्ये तो आला की आभार नुसतं निमित्त वाटतात. एवढं गेल्यावर मूळ मजकुरात जवळजवळ काहीच उरत नाही, आणि पद्धतीचा खरा उपयोग इथेच आहे. उरलेल्या जागेत काय भरायचं, हे मुलाखत आठवून शोधावं लागतं. शिपिंग लाइनला मालाचा तपशील देणारा एसआय भरल्यानंतर बीएलच्या, म्हणजे शिपिंग लाइन मालासाठी देते त्या पावतीच्या, ड्राफ्टमध्ये शेवटच्या क्षणी येणाऱ्या दुरुस्त्यांवर ते सर बराच वेळ तक्रारीच्या सुरात बोलले होते. मग मेल असा झाला (पाठवला इंग्रजीत, इथे मराठीत देते):

"सर, नमस्कार. डॉक्युमेंटेशनच्या जागेसाठी आज वेळ दिल्याबद्दल आभार. बीएलच्या ड्राफ्टमधल्या उशिराच्या दुरुस्त्यांबद्दल आपण बोललात. सध्याच्या कामात मी ड्राफ्ट हातात पडताच शिपिंग बिल आणि पॅकिंग लिस्टशी ताडून बघते, त्यामुळे हा त्रास माझ्या ओळखीचा आहे. आणखी कोणती कागदपत्रं लागली तर कळवावं."

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर, बस. सीव्ही परत जोडायचा नाही. नवा मेल न करता मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय करायचा, म्हणजे कुठली जागा आणि कुठली उमेदवार हे एचआरला शोधत बसावं लागत नाही. मुलाखत दोघांनी घेतली असेल तर मधली ओळ दोघांना वेगळी. तोच मजकूर दोघांना गेला तर ते एकमेकांना दाखवतातच.

पाठपुराव्याचं थोडं नाजूक आहे. "शुक्रवारपर्यंत सांगतो" म्हणाले असतील तर मी शुक्रवार जाऊ देते, सोमवारही सोडते, मंगळवारी सकाळी लिहिते. माझा कच्चा मजकूर: "सर काही झालं का? मला दुसरीकडून पण ऑफर आहे." यातला दुसरा भाग खरा असेल तरच ठेवायचा, आणि तारखेसकट: "दुसऱ्या एका ठिकाणी मला 20 तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. त्याआधी आपल्याकडची स्थिती कळली तर सोयीचं होईल." तारीख नसली की ती ओळ धमकीसारखी वाचली जाते. आणि ऑफर नसताना हे लिहिलं आणि समोरून "मग तिकडेच जा" असं उत्तर आलं, तर हातात काही राहत नाही.

आता उणिवा. या मेलने नापास मुलाखत पास होत नाही. बेलापूरच्या एका कंपनीने दोन राउंड घेऊन, मेल पोचल्याचं फोनवर सांगूनही पुढे चकार शब्द काढला नाही. मधली खास ओळ दरवेळी सापडतेच असं नाही. पाच मिनिटांत पगार आणि नोटीस पीरियड विचारून उठवलं तर लिहिणार काय? तिथे मी ती ओळ गाळते आणि दोन वाक्यांवर थांबते. ओढूनताणून कंपनीचं कौतुक घातलं की ते लगेच कळतं.

वॉक-इनला बऱ्याचदा ईमेल मिळतच नाही, फक्त एचआरचा व्हॉट्सॲप नंबर असतो. तिथेही हाच मजकूर चालतो, फक्त पहिल्याच वाक्यात नाव, जागा आणि मुलाखतीची तारीख घालते, कारण माझा नंबर त्यांच्याकडे सेव्ह नसतो. वेळ ऑफिसची. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही, तरी खाली प्रश्नचिन्ह टाकायचं नाही. आठवड्याने एकदा विचारायचं आणि सोडून द्यायचं.

कन्सल्टन्सीकडून गेला असाल तर कंपनीला थेट लिहिण्याआधी कन्सल्टंटला विचारा. काहींना ते डावलल्यासारखं वाटतं. मी मजकूर तयार करून त्यांच्याकडेच देते आणि पुढे पाठवायला सांगते. पाठवला की नाही, हे मात्र फोन करून विचारावं लागतं.