रुंदावणारा भांग: जुना अल्बम पाहावा की दरमहा फोटो काढावा?

भांग रुंद झाल्याची शंका बहुतेक जणींना हळदी-कुंकवाच्या एखाद्या फोटोत येते. मग लग्नाचा अल्बम निघतो आणि दोन फोटो शेजारी ठेवून जीव घाबरतो. पण लग्नात गंगावन आणि फुलं होती, आताच्या फोटोत तेल लावलेले केस आणि डोक्यावर दुपारचं ऊन. तेलाने केसांच्या बटा होतात, उन्हात टाळू चमकते, भांगातलं कुंकू पसरलं की तो आणखीच रुंद दिसतो. फरक पडलाय का, याचा अंदाज अल्बम देतो. भांग अजून रुंदावतोय की भरतोय, हे मात्र त्यातून कळत नाही.

त्यासाठी दरमहा फोटो हवा. केस धुऊन पूर्ण वाळल्यावर, कुंकू भरण्याआधी, सकाळी ओसरीच्या सावलीत बसायचं. भांग नेहमीच्याच रेषेत पाडायचा आणि फोटो दुसऱ्या कुणीतरी हातभर अंतरावरून, बरोबर वरून काढायचा. फ्लॅश आणि ब्यूटी मोड बंद. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत बारीक केस पुसट होतात, म्हणून मूळ फोटोच जपावा. दरवेळी मागच्या बाजूलाही भांग पाडून एक फोटो घ्यावा. माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगी.

यवतमाळकडच्या आमच्या एका वहिनीला भादव्यात डेंग्यू झाला. कापूस वेचणीच्या दिवसांत कंगव्यात पुंजके येऊ लागले. अल्बम पाहून तिने टक्कलच पडणार असं धरलं. फोटोंत मात्र पुढचा आणि मागचा, दोन्ही भांग सारखेच विरळ दिसले. संक्रांतीनंतरच्या फोटोंत भांगाच्या कडेला बोटाच्या पेरापेक्षा आखूड, टोकदार केस उभे दिसू लागले. तापानंतरची गळती साधारण दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बहुतेकदा सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे हे नवे केस आहेत हे लांबीवरूनही जुळत होतं.

मागचा भांग दाट आणि पुढचा कपाळाकडे रुंद होत जाणारा दिसला, तर ती बहुधा आनुवंशिक प्रकारची विरळता असते. ती इतकी सावकाश वाढते की लागोपाठच्या दोन महिन्यांत फरक दिसतच नाही, म्हणून पहिला फोटो सहाव्याशी ताडून पाहावा. पण डॉक्टरांकडे जायला सहा महिने थांबू नये, कारण उपचार लवकर सुरू झालेला बरा. मिनॉक्सिडिल लावायला दिलं, तर पहिले काही आठवडे गळती वाढू शकते आणि पुष्कळ जणी तिथेच औषध सोडतात. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते स्वतःहून सुरू करू नये.

अंगावरून जास्त जात असेल किंवा थकवा असेल, तर फोटोंसोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. गुळगुळीत चट्टा, खपल्या किंवा टाळूची आग असेल, तर फोटो जमवत बसू नये, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला डोकं दाखवावं.