कार्ट रिमाइंडर ॲप, आठ महिन्यांनंतर: ऑर्डर दिलेल्यांनाही 'चप्पल राहिली' म्हणून मेसेज

अथणीच्या कारागिरांकडनं कोल्हापुरी घेऊन निपाणीतनं ऑनलाइन विकतो. गेल्या आठवड्यात धारवाडच्या एका मावशींनी पार्सल दारातनंच परत पाठवलं, म्हणून हे लिहितोय.

मावशींनी 1,150 ची चप्पल सीओडीनं मागवली. तासाभरात, कार्टात माल सोडून गेलेल्यांना आठवण करणाऱ्या ॲपचा व्हॉट्सॲप मेसेज, 'तुमची चप्पल कार्टात राहिली'. दुसऱ्या दिवशी '10 टक्के सूट', वर फेसबुकवर तीच चप्पल. फोन करून म्हणाल्या, "ऑर्डर दिलीय की ओ, आता 115 कमी म्हणताय तर मी जास्तीचे का देऊ?" बरोबरच होतं त्यांचं. जाण्यायेण्याचं कुरिअर भाडं माझ्या अंगावर, आणि रिमाइंडर मार्केटिंग मेसेजात मोडतो, त्याचेही पैसे कापले गेले.

सपोर्टवाले तीन दिवस 'कॅशे क्लिअर करा' एवढंच सांगत होते. शेवटी मीच फेसबुकच्या Events Manager मधलं Test Events उघडलं, दुकानातल्या कुठल्या हालचालीची नोंद फेसबुककडं पोचते ते तिथं दिसतं, आणि माझ्या फोनवरनं सीओडी ऑर्डर टाकली. AddToCart दिसलं, Purchase आलंच नाही! माझा सीओडी फॉर्म वेगळ्या ॲपचा, ऑर्डर घेतो पण गिऱ्हाईक नेहमीच्या थँक्यू पेजवर पोचतच नाही, आणि Purchase ची नोंद तर तिथंच होत होती. जाहिरातीत 'खरेदी केलेले वगळा' लावलं होतं, पण त्या यादीत फक्त आधी पैसे भरलेलेच. मग फॉर्मच्या सेटिंगमधनं Purchase चालू केलं, जुन्या सीओडी गिऱ्हाइकांचे नंबर वगळायच्या यादीत चढवले, आणि रिमाइंडर ॲपात त्याच नंबरवरनं ऑर्डर आली की मेसेज थांबेल असं केलं. तरी एकानं बघायचं आणि घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरनं घ्यायचं, तिथं हे चुकतंच.

ॲप काढूनच टाकणार होतो. पण त्याआधी मेसेजातनं सूट काढली, कारण नेहमीची गिऱ्हाइकं सूट येईपर्यंत मुद्दाम कार्ट तसंच ठेवायला लागली होती. आता मेसेज असा: 'तुम्ही 8 नंबर निवडलाय. शंका असेल तर संध्याकाळी कागदावर उभं राहून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत माप घ्या, सेंटिमीटरमध्ये इथंच पाठवा, नंबर आम्ही सांगतो.' आणि लोक खरंच माप पाठवतात ओ! चप्पल कार्टात पडून राहते ती बऱ्याचदा नंबराच्या धास्तीनं, किमतीमुळं नाही, हे मला आठ महिन्यांनी कळलं. शिवाय गिऱ्हाइकानं उत्तर दिलं की 24 तास साधं बोलता येतं, आधी मंजूर करून घेतलेलं टेम्पलेट लागत नाही.

जाहिरातीतलं 'घाई करा, शेवटचे जोड' पण काढलं, चप्पल तर आम्ही ऑर्डरनंतर बनवून घेतो, मग शेवटचे कसले? आता 'नंबर बसला नाही तर एकदा बदलून देतो, भाडं आमचं' एवढंच.

मावशींना माप विचारून 7 नंबरचा जोड पुन्हा पाठवला, 1,035 ला. या वेळी पार्सल घेतलं त्यांनी. ॲप तूर्त ठेवलंय, पण सीओडी फॉर्म वापरत असाल तर आधी स्वतः एक ऑर्डर टाकून Purchase येतंय का बघा, मगच रिमाइंडर चालू करा.